लेगिंग्जवरचा ट्युनिक उभं असताना पुरतो, हात वर केला की आखूड होतो. उंची किती घ्यावी?

अक्षरवेल
मी ग्रंथालयात काम करते. दिवसभर एकतर वरच्या फळीवर हात घालायचा, नाहीतर खालच्या फळीसमोर उकिडवं बसायचं. त्यामुळे लेगिंग्ज आणि ट्युनिक हाच पोशाख मला सोयीचा पडतो. आरशासमोर उभी राहिले की ट्युनिक अगदी हवा तिथे येतो, सीटच्या खाली चांगला दोन-अडीच इंच. पण पुस्तक काढायला हात वर केला की मागून वर चढतो. चालतानाही कमरेशी गोळा होतो, आणि मग कोणाचं लक्ष नाही ना बघून खाली ओढावा लागतो. हे ओढणं मला फार नकोसं झालं आहे.

माझी उंची ५ फूट २ इंच, ट्युनिकची उंची ३१ इंच. कापड सुती, ताणलं न जाणारं. बाजूला छोट्या स्लिट आहेत. ३४-३५ इंची घेतला तर प्रश्न सुटेल का? पण तेवढा लांब घातला की मी बुटकी दिसते. नेमकी उंची कशी ठरवायची?

सोनसळी
अगं सोपं आहे, एक साइझ मोठा घे. सीटवर घट्ट बसतोय म्हणून वर चढतोय. मोठ्या साइझमध्ये उंचीही इंचभर जास्त मिळते. आणि स्लिट शिवून टाक, म्हणजे बाजूने काही दिसायचा प्रश्नच नाही. मी माझ्या सगळ्या टॉपच्या स्लिट तीन-तीन इंच खाली आणल्या आहेत.

पहाटवारा
मी पळायला जातो तेव्हा कॉम्प्रेशन टाइट्स घालतो. त्यांची कंबर रुंद इलॅस्टिकची आणि आत नाडी असलेली असते. तशी घेतली तर अजिबात सरकत नाही. वर कमरेपर्यंतचा टी-शर्ट पुरतो.

अक्षरवेल
@पहाटवारा, माझी लेगिंग जागेवरच राहते, वरचा ट्युनिक सरकतो. पण नाडीचं लक्षात ठेवते, उकिडवं बसताना कंबर मागून थोडी खाली येते खरी.

मापटेप
मी गेली बरीच वर्षं कपडे बेतते आणि आल्टर करते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक जणींना वाटतं की उंची कमी पडते आहे. काहींच्या बाबतीत ते खरं असतं, पण काहींचा ट्युनिक चार इंच वाढवला तरी तो चार इंच जास्त गोळा होतो एवढंच. म्हणून नवीन घेण्याआधी, किंवा सोनसळीताई म्हणतात तसं काही शिवून टाकण्याआधी, घरी एवढं करून बघा.

ट्युनिक आणि नेहमीची लेगिंग घालून उभ्या राहा. दोन्ही हात पूर्ण वर करा आणि खाली आणा. ट्युनिकला हात लावू नका. खालचा काठ आपोआप मूळ जागी परत आला, तर कापड मोकळं आहे आणि फक्त उंची कमी पडते आहे. काठ वरच अडकून राहिला, तर काहीतरी त्याला धरून ठेवतंय. ते सीटवरचं घट्ट माप असेल, नाहीतर लेगिंगचं कापड ट्युनिकला चिकटत असेल.

या दोघांतलं कोणतं ते ओळखायला मध्ये सॅटिनचा किंवा दुसऱ्या कुठल्याही गुळगुळीत कापडाचा हाफ स्लिप घाला आणि पुन्हा हात वर-खाली करा. आता काठ खाली घसरला तर दोष कापडाच्या घर्षणाचा. तरीही अडकला तर माप घट्ट आहे.

नंतर ही मापं इथे लिहा:
- मानेजवळच्या खांद्यापासून पाठीवरून, सीटच्या उंचवट्यावरून, सीट जिथे मांडीला मिळते त्या घडीपर्यंत. टेप अंगाला लागून हवी. कोणाला तरी घ्यायला सांगा, स्वतःचं घेताना खांदा झुकतो.
- सीटचा सर्वांत रुंद घेर, आणि तो खांद्यापासून किती इंचांवर येतो ते.
- ट्युनिक सपाट पसरून तेवढ्याच इंचांवर त्याची रुंदी, दुप्पट करून.
- हात वर केल्यावर काठ किती चढतो. कोणीतरी मागे उभं राहून टेपने बघावं.

आभाळमाया
विषयाला धरूनच विचारते, पण मला वेगळंच वाटतं. सीट झाकलीच पाहिजे असं कशाला? लेगिंग जाड आणि आरपार न दिसणारी असेल तर कमरेपर्यंतचा टॉप घालून मी कामावरही जाते. व्यायामाच्या जाड लेगिंग्ज निघाल्यापासून तर हा प्रश्नच उरलेला नाही.

मापटेप
@आभाळमाया, जाड, दाट विणीची आणि चकाकी नसलेली लेगिंग असेल तर आखूड टॉप चांगला दिसतो, माझं काही म्हणणं नाही. फक्त एक पाहा. टॉपचा काठ सीटच्या सर्वांत रुंद भागावर आडवा थांबला की नजर तिथेच अडते. तो एकतर त्याच्या वर, कमरेच्या हाडाशी संपावा, नाहीतर सरळ सीटच्या घडीखाली जावा. मधल्या पट्ट्यात थांबलेला टॉप अर्धवट झाकल्यासारखा दिसतो. अक्षरवेलना मात्र झाकलेलं हवं आहे आणि उकिडवं बसायचं आहे, म्हणून त्यांचा हिशोब निराळा.

अक्षरवेल
बहिणीला बसवून सगळी मापं घेतली.

खांद्यापासून पाठीवरून सीटच्या घडीपर्यंत: २८.५ इंच.
सीटचा घेर: ४१ इंच, खांद्यापासून साधारण २४ इंचांवर.
ट्युनिक २४ इंचांवर: सपाट २०.५, म्हणजे ४१.
स्लिट खांद्यापासून २६ इंचांवर सुरू होते, म्हणजे ५ इंची आहे.
हात वर केल्यावर काठ ३ इंच चढतो.

आणि काठ परत खाली येत नाही! सॅटिनचा स्लिप घालूनही आला नाही. थोडा घसरला आणि सीटवरच थांबला.

मापटेप
मग उत्तर तुमच्या मापांतच आहे. अंग ४१ आणि कापडही ४१. ताणलं न जाणारं कापड अंगाच्या मापाइतकंच असेल तर उभं राहिल्यावर ते बेताने बसतं आणि आरशात छान दिसतं. पण पाऊल टाकलं की सीटचा आकार बदलतो, आणि बसलं की घेर दोनेक इंच सहज वाढतो. त्या वाढीव घेराला कापडात जागा नसते, म्हणून ते वर अरुंद भागाकडे सरकतं. कमर अरुंद आहे, म्हणून ते तिथे जाऊन बसतं. यालाच तुम्ही गोळा होणं म्हणताय.

न ताणणाऱ्या कापडात सीटवर निदान ३ ते ४ इंच लूज हवं. तुमच्याकडे शून्य आहे.

याशिवाय उंचीही थोडी कमी आहे, ते वेगळं. घडी २८.५ वर, ट्युनिक ३१ चा, म्हणजे अडीच इंच शिल्लक. हात वर केला की ३ इंच जातात. म्हणजे घडीच्याही अर्धा इंच वर. घेर मोकळा झाल्यावर काठ आपोआप खाली येईल, पण हात वर असतानाच्या त्या क्षणासाठी निदान ३३ इंच उंची हवी: २८.५, त्यात चढणारे ३, आणि वर दीड इंच हाताशी. ३५ ची तुम्हाला गरज नाही.

सोनसळी
म्हणजे मी म्हटलं तेच ना, एक साइझ मोठा घ्यायचा.

मापटेप
सीटपुरतं तुमचं बरोबर आहे. पण साइझ मोठा घेतला की सीटबरोबर खांदा आणि मुंढाही मोठा होतो. खांदा दंडावर उतरतो, मुंढा काखेपासून खाली जातो. हात वर केला की बाही मुंढ्याला धरून अख्खा ट्युनिक वर उचलते. मुंढा जितका खोल, तितकी उचल जास्त. काखेलगत बसलेल्या मुंढ्यात बाही एकटी वर जाते, अंगाचा भाग फारसा हलत नाही. म्हणून एक साइझ मोठ्यात अक्षरवेलचा काठ ३ ऐवजी ४ इंचही चढू शकतो, आणि मोठ्या साइझने मिळालेला उंचीचा इंच तिथेच संपतो.

तुम्हीही घरी बघू शकता. बिनबाह्यांचा टॉप घालून हात वर करा आणि मग काखेत झोळ असलेला, मुंढ्याची शिवणच नसलेला सैल टॉप घालून करा. दुसरा टॉप पोटापर्यंत येतो. तसा टॉप लेगिंग्जवर घालायचा तर तो मांडीच्या मध्याच्याही खाली असावा लागतो.

तयार कपडा घेताना खांदा बसतो तोच साइझ घ्या, पण कमरेपासून खाली घेर असलेला, ए-लाइन. सरळ कापाचा घेऊ नका.

सोनसळी
हे मुंढ्याचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. बघते आज. पण मग स्लिट शिवायला काय हरकत आहे? माझ्या शिवलेल्या टॉपना काही झालं नाही.

मापटेप
तुमच्या टॉपना मांडीपाशी आधीच घेर असेल. सरळ कापाच्या ट्युनिकमध्ये चालायची जागा स्लिटमुळेच मिळते. ती शिवली की सीटच्या खालचा भागही नळीसारखा बंद होतो आणि ट्युनिक जास्तच चढतो. आधी टाचण्या लावून स्लिट बंद करा, जिना चढून-उतरून बघा, मगच टीप मारा.

अक्षरवेलच्या ट्युनिकमध्ये मी स्लिट बंद न करता तिथे कळी घालेन. बाजूची शिवण कमरेखाली १९ इंचांपासून काठापर्यंत उसवायची, म्हणजे १२ इंच. त्या फटीत त्रिकोणी कळी बसवायची, वर टोक आणि खाली ५ इंच रुंद. दोन्ही बाजूंना शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच आणि खाली दुमडीला एक इंच जास्त कापायचं.

आता हिशोब बघा. सीट येते २४ वर, म्हणजे कळीच्या टोकापासून ५ इंच खाली. १२ इंचांत कळी ५ इंच रुंद होते, तर ५ इंचांवर ती साधारण २ इंच रुंद असेल. दोन बाजूंच्या मिळून ४. तुमचं ४१ चं माप ४५ झालं. खांदा, मुंढा, छाती कशालाही हात लावलेला नाही.

स्लिट गेली, त्यामुळे बाजूने मांडी दिसायचाही प्रश्न मिटला. हे स्लिटचं अनेकींच्या लक्षात येत नाही. मागून-पुढून ट्युनिक पुरेसा लांब असतो, पण स्लिट सीटच्या वरूनच उघडते. खुर्चीत बसलं की पुढचा पदर एका बाजूला, मागचा एका बाजूला, आणि बाजूने कमरेपर्यंत लेगिंग उघडी. अशा ट्युनिकची खरी उंची स्लिटच्या टोकापर्यंतच धरायची. शर्टासारखा बाजूला गोल कापलेला काठ असेल तर तेच. माप बाजूच्या सर्वांत आखूड जागेवर घ्या.

केवडा
थोडं माझं विचारू का? मला सातवा महिना आहे. पूर्वीचे ट्युनिक घेराने अजून होतात, कापडही ताणणारं आहे, पण पुढून इतके वर उचलले गेलेत की लेगिंगचा पोटावरचा पट्टा दिसतो. मागून मात्र छान येतात. उंची वाढवू तरी कशी, मागून उगीच लोंबेल.

मापटेप
@केवडा, पोटाच्या गोलाईवरून जाताना पुढची उंची खर्ची पडते, मागची तशीच राहते. म्हणून फक्त पुढे वाढ हवी. सर्वांत सोपं म्हणजे आत काठाला रुंद पट्टी असलेला लांब, ताणणारा बनियनसारखा टॉप घालायचा. तो पुढून दोन-तीन इंच बाहेर दिसू दे, लेगिंगच्याच रंगाचा असला तर तो वेगळा कळणारही नाही. ट्युनिक कापून पट्टी जोडायच्या भानगडीत आता पडू नका, दोन महिन्यांनी मापं पुन्हा बदलतील.

भरलेली छाती असलेल्यांनाही हाच अनुभव येतो. त्यांचा ट्युनिक बाजूने बघितला तर पुढे वर आणि मागे खाली तिरका दिसतो. तिथे मात्र शिवतानाच पुढच्या भागाला इंच-दीड इंच जास्त द्यावी लागते.

निळाई
मला लेगिंग नाही, पातळ टाइट्स आवडतात, ४० डेनिअरच्या. ३३ इंची ट्युनिक त्यांवर चालेल का? उभं असताना छान दिसतो. पण बसले की मांडीवर एक गडद पट्टा दिसतो आणि मला तिथेच संकोच वाटतो.

मापटेप
तो पट्टा म्हणजे टाइट्सचा वरचा, चड्डीसारखा जाड विणलेला भाग. बऱ्याच टाइट्समध्ये तो मांडीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो. बसलं की ट्युनिक मांडीवर काही इंच मागे जातो आणि पट्टा उघडा पडतो.

खुर्चीवर बसा, काठ जिथे येतो तिथे हाताने खूण धरा. पट्ट्याची रेषा त्या खुणेच्या आत निदान दोन इंच राहायला हवी. ३३ इंचांत, तुमची उंची अक्षरवेलइतकी असेल तर, ते जमणं कठीण आहे. पातळ टाइट्सवर ट्युनिक नाही, गुडघ्यापर्यंतचा ड्रेस धरूनच बेत करा. किंवा कमरेपर्यंत एकसारख्या विणीच्या टाइट्स घ्या. त्यांत पट्टा नसतो, पण मग वर काही दिसू न देण्याची सगळी जबाबदारी ट्युनिकवर येते.

आभाळमाया
१०० डेनिअरच्या काळ्या टाइट्स मी लेगिंगसारख्या वापरते, ट्युनिक सीटच्या खाली इंचभर असला तरी. काहीच दिसत नाही.

मापटेप
उभं असताना नसेल दिसत. पण डेनिअर हे सुताचं वजन आहे, ९००० मीटर सूत किती ग्रॅम भरतं तो आकडा. पाकिटावरचा आकडा तुमच्या मांडीवर ती वीण किती ताणली जाते ते सांगत नाही. एकाच टाइट्स घोट्यापाशी गच्च काळ्या आणि मांडीवर करड्या दिसतात त्या यामुळेच. साइझ लहान असेल तर १०० च्याही आतून त्वचा दिसते. शिवाय मधली शिवण आणि जोड बाहेरून कळतो.

आभाळमाया
माझ्या कळत नाहीत. मी खात्री करूनच घालते. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही :)

निळाई
मी टाइट्सवर आखूड काळी शॉर्ट घालून बघते, आतून. पट्टा दिसला तरी शॉर्टचा काठ वाटेल.

रानजाई
इथे सगळे मापावर बोलताहेत, पण माझ्याकडे माप व्यवस्थित आहे. पॉलिस्टरचा ट्युनिक आहे, घेर भरपूर. चार पावलं चालले की तो मांड्यांच्या मध्ये जाऊन चिकटतो, आणि काढला की चटचट आवाज. थंडीत जास्त होतं.

मापटेप
ती स्थिर वीज. पॉलिस्टरवर नायलॉन किंवा पॉलिस्टरची लेगिंग घासली आणि हवा कोरडी असली की हे होणारच. पावसाळ्यात तुम्हाला हा त्रास जवळजवळ नसेल. दोन्हींतलं एक कापड सुती केलं तर बराच फरक पडतो, कारण सुतात थोडा ओलावा असतो आणि वीज साठत नाही. तातडीचा उपाय म्हणजे लेगिंगवरून किंचित ओलसर हात फिरवणे. त्वचेला मॉइश्चरायझर लावलं तरी कमी होतं.

पण खरखरीत सुती ट्युनिक आणि लव आलेली सुती लेगिंग ही जोडीही एकमेकींना धरते. तिथे वीज नसते, नुसतं घर्षण. त्यावर गुळगुळीत अस्तर किंवा हाफ स्लिप.

रानजाई
सुती लेगिंग घालून बघितली, चिकटणं कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. कोणाला अजून काही माहीत असेल तर सांगा. माझ्याकडे या प्रकारचे तीन-चार ट्युनिक आहेत, टाकवत नाहीत.

सोनसळी
@रानजाई, कपडे धुताना शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घालून बघ. माझ्या साडीच्या परकराचं चिकटणं त्याने थांबलं. लेगिंग आणि ट्युनिक दोन्ही धू मात्र.

आणि मापटेपताई, मी काल ते मुंढ्याचं करून बघितलं. माझा आवडता सैल टॉप खरंच पाच इंच वर गेला. आता कळलं की तो घातल्यावर मी हात वर करायचंच का टाळते.

अक्षरवेल
माझी एक शंका राहिली आहे. उकिडवं बसले किंवा खाली वाकले की मागून ट्युनिक वर जाणारच ना, कितीही घेर दिला तरी? तेव्हा काय?

मापटेप
जाणारच. वाकल्यावर पाठीची लांबी वाढते, ती कुठूनतरी यायला हवी. पुढे वाकताना तीन-चार इंच धरून चाला. ट्युनिक तुम्हाला उभं असताना, चालताना, बसताना सांभाळेल. पूर्ण उकिडवं बसल्यावर मात्र लेगिंगनेच सांभाळायला हवं. म्हणून मागची कंबर उंच असलेली लेगिंग घ्या, आणि ती आरपार दिसते का हे वाकून बघा, उभं राहून नाही.

खिडकीकडे पाठ करून, भर उजेडात वाका आणि कोणाला तरी मागून फ्लॅश लावून फोटो काढायला सांगा. घरातल्या दिव्यात जे दिसत नाही ते फ्लॅशमध्ये दिसतं. विकत घेण्याआधी बघायचं असेल तर लेगिंगच्या सीटच्या भागात हात घालून मूठ उघडा आणि कापड ताणा. बोटांच्या मधल्या फटी दिसल्या तर ती वाकल्यावरही दिसणार. पांढरी, फिकट गुलाबी, त्वचेच्या रंगाची लेगिंग असेल तर ही चाचणी सोडूच नका. त्या रंगांत आतली वस्त्रं त्वचेच्या रंगाची हवीत. पांढऱ्या लेगिंगखाली पांढरी जास्त उठून दिसतात.

आणि लेगिंग एक साइझ लहान घेऊ नका. घट्ट बसते म्हणून नीटस वाटते, पण ताणली गेली की वीण उघडते.

अक्षरवेल
मूठ उघडून बघितली. माझ्या काळ्या लेगिंग्जपैकी एक जुनी बाद झाली, सीटवर आणि गुडघ्यावर विरळ झाली आहे. घातल्यावर आरशात मला कधी जाणवलं नव्हतं.

केवडा
बनियनची युक्ती लागू पडली. काळी लेगिंग, काळा आतला टॉप. पोटावरचा पट्टा झाकला गेला आणि मागून काही लोंबत नाही.

अक्षरवेल
कळ्या घालून ट्युनिक आला! आमच्या शिवणाऱ्या ताईंनी आधी म्हटलं की नुसती उंची वाढवून देते. मी इथली मापं दाखवली, मग त्यांनी कळ्याच घातल्या. तेच कापड मिळालं नाही, म्हणून त्यांनी लेगिंगच्या रंगाशी जुळणारं गडद कापड वापरलं. उभी असताना कळ्या घडीत राहतात, चालताना तेवढ्या दिसतात.

आज दिवसभर घातला. चालताना गोळा होत नाही. हात वर करून खाली आणला की काठ स्वतःच्या स्वतः खाली येतो. खुर्चीतही बाजूने उघडं पडत नाही. सर्वांत वरच्या फळीला टाचा उचलून हात लावला तरच मागून सीटच्या घडीशी येतो. त्यासाठी खाली दोन इंची पट्टी लावून ३३ करावी का? बुटकी दिसायची भीती अजून आहेच.

मापटेप
दोन इंचांनी उंचीत फरक दिसणार नाही. काठ अजून मांडीच्या वरच्या अर्ध्या भागातच राहतो. बुटकेपणा येतो तो काठ पोटरीच्या सर्वांत जाड जागी आला की, किंवा ट्युनिक, लेगिंग आणि पायातलं तिन्ही वेगवेगळ्या रंगांचं असलं की. पट्टी कळ्यांच्याच गडद कापडाची लावा. मग ती लेगिंगमध्ये मिसळेल आणि नजरेला ट्युनिक ३१ चाच वाटेल.

पट्टी लावण्याआधी ते गडद कापड एकदा धुऊन, वाळवून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. ट्युनिक आटून झालेला आहे आणि पट्टी नवी, तर पहिल्याच धुण्यानंतर काठाला चुण्या पडतील. कळ्या न धुता घातल्या असतील तर त्याही थोड्या आटतील, पण तुमच्याकडे ४ इंच लूज आहे, त्यात ते निभावेल.

निळाई
शॉर्टचं सांगायचं राहिलं. पट्टा झाकला जातो, पण शॉर्टचा काठ टाइट्सवरून वर गुंडाळला जातो आणि ट्युनिकमधून फुगीर दिसतो. खाली इलॅस्टिक नसलेली, सपाट कापलेली शॉर्ट कोणी वापरली आहे का?

आभाळमाया
मी वापरते, काठाला शिवण नसलेली, नुसती कापलेली असते ती. गुंडाळत नाही. पण ती नायलॉनची आहे आणि टाइट्सही नायलॉनच्या, त्यामुळे रानजाईचा प्रश्न तुलाही येईल. सुती मिळाली तर मलाही सांग.